व्याजावरची कपात आणि पंधरा एच

मुदत ठेवीच्या व्याजातून बँक दहा टक्के कर कापते, तेव्हा ती ठेवीदाराचे एकूण उत्पन्न पाहत नाही. ते पाहण्याची सोयच तिच्याकडे नसते. तिच्यापुढे तीन गोष्टी असतात: ठेवीदाराचे वय, त्याचा पॅन आणि या बँकेत त्याला वर्षभरात मिळणारे व्याज. हे व्याज कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले की टीडीएस कापला जातो. ठेवीदाराला वर्षाला वीस लाख मिळत असोत की तीन लाख, कपात तेवढीच होते. म्हणून ज्यांना एक रुपयाही कर लागत नाही अशा हजारो वृद्धांच्या पासबुकात दर महिन्याला टीडीएसची नोंद दिसते. घरखर्चाचा पैसा वर्ष-दीड वर्ष सरकारकडे अडकून राहतो आणि परतावा मागायचा तर विवरणपत्र भरावे लागते. ज्यांनी ते कधी भरलेच नाही, त्यांचे पैसे बहुधा तसेच राहून जातात.

ही कपात थांबवण्याचे किंवा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. वर्षाचा कर शून्य असेल तर ठेवीदार स्वतः बँकेला लेखी घोषणा देतो. याचा फॉर्म म्हणजे ‘15एच’, बँकेच्या काउंटरवर सगळे त्याला ‘पंधरा एच’ म्हणतात. कर शून्य नाही, पण बँक कापते त्यापेक्षा कमी आहे, तर घोषणा चालत नाही. तिथे आयकर खात्याकडून कमी दराचे प्रमाणपत्र आणावे लागते. त्याचा अर्ज म्हणजे ‘फॉर्म 13’. आपण यापैकी कोणत्या बाजूला आहोत हे कळले की निम्मे काम झाले, आणि ते कळण्यासाठी आधी वर्षाचा साधा हिशोब मांडावा लागतो. या प्रकरणातले सगळे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे आहेत.

कपात नेमकी केव्हा सुरू होते

1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा वर्षाला 1 लाख रुपये झाली. त्याआधी ती 50 हजार होती. आर्थिक वर्षात कोणत्याही दिवशी साठ वर्षे पूर्ण होत असतील तर त्या वर्षासाठी माणूस ज्येष्ठ धरला जातो. मर्यादा प्रत्येक बँकेला स्वतंत्र लागू होते, मात्र एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एक धरतात. एका बँकेच्या दोन शाखांत ठेवी वाटून ठेवल्याने कपात टळेल अशी समजूत अजून आढळते. सगळ्या शाखा एका संगणकप्रणालीत आल्यापासून तिला अर्थ उरलेला नाही. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज पोस्टाच्या मर्यादेत मोजले जाते. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापतच नाहीत, पण ते उत्पन्नात मात्र धरावे लागते.

आणखी दोन गोष्टी लोकांना गोंधळात टाकतात. पहिली अशी, की मर्यादा ओलांडली तर एक लाखाच्या वरच्या रकमेवरच नव्हे, सगळ्या व्याजावर दहा टक्के कपात होते. दुसरी गोष्ट संचयी ठेवीची. पाच वर्षांनी एकरकमी पैसे मिळणाऱ्या ठेवीचे व्याज बँक दर वर्षी हिशोबात धरते आणि त्यावर कर कापते. हातात काही आलेले नसतानाही कपात झालेली दिसते ती यामुळेच. ठेवीदारानेही ते व्याज त्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरणे सोयीचे, नाहीतर बँकेचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही.

आता एक उदाहरण पाहू. सांगली जिल्ह्यातले सहासष्ट वर्षांचे एक गृहस्थ खाजगी नोकरीतून निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांनी तीन ठिकाणी ठेवले. एका राष्ट्रीयीकृत बँकेत 10, 7 आणि 5 लाखांच्या तीन ठेवी आहेत, सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज 1,54,000 रुपये. गावच्या सहकारी बँकेत 12 लाख आठ टक्क्यांनी, व्याज 96,000. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 9 लाख, 8.2 टक्क्यांनी 73,800. बचत खात्याचे व्याज 4,200. शिवाय कर्मचारी पेन्शन योजनेची दरमहा 2,600 रुपये पेन्शन, म्हणजे वर्षाला 31,200.

व्याजाची बेरीज 3,28,000 रुपये होते. पेन्शन पगारासारखी धरतात आणि तिच्यावर नव्या करप्रणालीत 75 हजारांपर्यंत प्रमाणित वजावट मिळते, म्हणून ती हिशोबात शून्य होते. एकूण उत्पन्न 3,28,000. नव्या प्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही. म्हणजे या गृहस्थांचा वर्षाचा कर शून्य.

तरी राष्ट्रीयीकृत बँक त्यांचे व्याज 1 लाखाच्या वर जाते हे पाहून 15,400 रुपये कापणार. व्याज दरमहा घेत असतील तर 12,833 रुपये जमा होण्याऐवजी साधारण 11,550 जमा होतील. सहकारी बँकेतले 96,000 आणि पोस्टातले 73,800 मर्यादेच्या आत असल्याने तिथे कपात होणार नाही. म्हणजे त्यांना पंधरा एच द्यायचा आहे तो फक्त एका बँकेत. तिन्ही ठिकाणी फॉर्म भरत धावाधाव करण्याची गरज नाही. मात्र सहकारी बँकेत आणखी लाखभराची ठेव ठेवली, तर व्याज 1,04,000 होईल आणि तिथेही फॉर्म लागेल.

पंधरा एच कोणाला देता येतो

अटी मोजक्या आहेत. माणूस भारतात निवासी असावा, त्या वर्षात साठ पूर्ण झालेले असावेत, चालू पॅन असावा आणि वर्षाच्या अंदाजित एकूण उत्पन्नावर कर शून्य यावा. साठच्या आतल्यांसाठी ‘15जी’ हा वेगळा फॉर्म आहे. त्यात जादा अट अशी, की व्याजासारख्या उत्पन्नाची बेरीजही करमुक्त मर्यादेच्या आत हवी. ज्येष्ठांना ही अट नाही, आणि हा फरक मोठा आहे.

कारण कर शून्य असणे आणि उत्पन्न 4 लाखांच्या आत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल आणि त्यात फक्त पेन्शन, व्याज, भाडे असे नेहमीच्या दराने कर लागणारे उत्पन्न असेल, तर कलम 87ए खालच्या सवलतीने कर शून्यावर येतो. 2019 मध्ये पंधरा एचखालच्या टीपेत दुरुस्ती झाली आणि या सवलतीनंतर कर शून्य होत असेल तरी बँकेने घोषणा स्वीकारावी असे स्पष्ट लिहिले गेले. तेव्हा एखाद्या निवृत्त शिक्षिकेचे पेन्शन-व्याज मिळून उत्पन्न 7 लाख असले तरी ती हा फॉर्म देऊ शकते. काउंटरवर कोणी ‘तुमचं उत्पन्न जास्त आहे, फॉर्म चालणार नाही’ म्हणाले, तर फॉर्मखालची ही टीप त्यांना दाखवावी. मात्र उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरावे लागते. पंधरा एच दिला म्हणून त्यातून सुटका होत नाही.

ज्यांना जुनी प्रणाली सोयीची वाटते त्यांचे गणित वेगळे. तिथे साठ ते ऐंशी वयाला 3 लाख आणि ऐंशीपुढे 5 लाखांपर्यंत कर नाही, व्याजावर कलम 80टीटीबी खाली 50 हजारांपर्यंत वजावट मिळते आणि 5 लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत सवलतीने कर शून्य होतो. कमी उत्पन्नाच्या बहुतेक वृद्धांना आता नवी प्रणालीच पुरते, म्हणून त्यात फार शिरण्याचे कारण नाही.

निवासी असण्याची अट नीट लक्षात घ्यावी. मुलाकडे अमेरिकेत किंवा आखातात वर्षाचा बराच काळ राहणाऱ्या आई-वडिलांचा निवासी दर्जा त्या वर्षापुरता जाऊ शकतो. तसे झाले तर पंधरा एच देता येत नाही. बँकेत पत्ता जुनाच आहे म्हणून फॉर्म स्वीकारला गेला तरी तो चुकीचाच ठरतो.

फॉर्म भरताना

फॉर्म दोन भागांचा असतो. पहिला भाग ठेवीदाराचा, दुसरा बँकेचा. नाव, पॅन, जन्मतारीख, पत्ता हे ओघाने येते. चुका होतात त्या पुढच्या रकान्यांत.

‘ज्या उत्पन्नासाठी ही घोषणा आहे ते अंदाजित उत्पन्न’ या रकान्यात अनेकजण ठेवीची रक्कम लिहितात. तिथे ठेव नव्हे, या बँकेतून वर्षभरात येणारे व्याज लिहायचे. आपल्या गृहस्थांनी तिथे 1,54,000 लिहावे. त्याखालच्या रकान्यात ‘वर्षाचे अंदाजित एकूण उत्पन्न’ विचारतात. त्यात फक्त या बँकेचे नव्हे, सगळीकडचे उत्पन्न येते: सहकारी बँक, पोस्ट, पतसंस्था, पेन्शन, भाडे, म्युच्युअल फंड. त्यांच्यासाठी हा आकडा 3,28,000. पतसंस्थेचे व्याज इथे हमखास विसरले जाते, कारण अनेक पतसंस्था सभासदांच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत. कपात होत नाही म्हणून ते करमुक्त ठरत नाही.

त्यानंतर ‘या वर्षात दिलेले इतर पंधरा एच’ किती आणि एकूण किती रकमेचे, असा रकाना येतो. आपल्या उदाहरणात शून्य. दोन बँकांत फॉर्म देणाऱ्याने दुसऱ्या बँकेच्या फॉर्मवर पहिल्याचा आकडा लिहायचा. शेवटी ठेवींचा तपशील: प्रत्येक ठेवीचा खाते क्रमांक, उत्पन्नाचा प्रकार ‘मुदत ठेवीवरील व्याज’, कलम 194ए आणि व्याज. इथे 70,000, 49,000 आणि 35,000 अशा तीन ओळी होतील आणि त्यांची बेरीज वरच्या 1,54,000 शी जुळली पाहिजे. मग सही. मुलाने वडिलांच्या वतीने सही करून चालत नाही.

फॉर्म कागदावर देणार असाल तर दोन प्रती न्याव्यात. एक बँकेला, दुसऱ्यावर तारीख घालून शिक्का आणि सही घेऊन ती आपल्याकडे. बँक प्रत्येक घोषणेला एक विशिष्ट ओळख क्रमांक देते. पंधरा एचसाठी तो ‘H’ या अक्षराने सुरू होतो. नेटबँकिंगवरून दिला असेल तर पडद्यावर येणारी पोच छापून किंवा जतन करून ठेवावी. पुढे कधी ‘तुमचा फॉर्म आमच्याकडे नाही’ असे ऐकावे लागले, तर या पोचेखेरीज दुसरा आधार नसतो.

फॉर्म एका आर्थिक वर्षापुरताच चालतो. गेल्या वर्षी दिला म्हणून या वर्षी आपोआप लागू होत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा तो यासाठी, की एप्रिलच्या व्याजावर कपात झाल्यावर बँक तो पैसा साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारात भरते, आणि एकदा सरकारजमा झालेला कर बँक परत देऊ शकत नाही. जूनमध्ये फॉर्म दिला तर जूननंतरची कपात थांबते, आधीची रक्कम फक्त विवरणपत्रातून परत येते. वर्षाच्या मध्यात एखादी ठेव मोडून नवी केली किंवा नवी जास्तीची ठेव ठेवली, तर तिचाही तपशील बँकेला द्यावा. नव्या ठेवीवर कपात झाल्याच्या तक्रारी इथूनच येतात.

संयुक्त ठेवीत टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो, म्हणून फॉर्मही पहिल्या नावाच्या व्यक्तीचाच लागतो. पती-पत्नींच्या ठेवींत याहून अवघड प्रश्न येतो. नवऱ्याने स्वतःच्या पैशातून बायकोच्या नावे ठेव केली असेल, तर कायद्याने ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. अशी ठेव बायकोच्या पंधरा एचवर टाकून ‘आमच्या दोघांचाही कर शून्य’ म्हणणे धोक्याचे आहे. आधी दोघांचा हिशोब या नियमाने मांडावा. तरीही दोघांचा कर शून्य येत असेल तर काळजीचे कारण नाही.

पॅनचे सांगायलाच हवे. पॅन नसेल तर घोषणा चालतच नाही आणि कपात दहाऐवजी वीस टक्क्यांनी होते. आधारशी न जोडल्याने पॅन निष्क्रिय झाला असेल तरी वीस टक्केच. पासबुकात दहाच्या जागी वीस टक्के दिसले तर आधी पॅनची स्थिती तपासावी. ऐंशी वर्षे किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांना ही जोडणी सक्तीची नाही, पण बँकेच्या नोंदीत जन्मतारीख बरोबर असेल तरच त्याचा उपयोग.

फॉर्म खरोखर लागला की नाही हे पाहण्याच्या दोन जागा आहेत. पासबुकात पुढच्या व्याजाच्या वेळी कपातीची ओळ येते का ते बघावे. तिमाही संपल्यावर आयकर पोर्टलवरून 26एएस उघडावे. बँक आपल्या तिमाही विवरणात पंधरा एचची माहिती देते, त्यामुळे 15जी/15एच साठी असलेल्या वेगळ्या भागात व्याजाची रक्कम आणि त्यापुढे शून्य कपात दिसते. तिथे नोंद नसेल आणि वर कपातीच्या भागात रक्कम दिसत असेल, तर पोच घेऊन शाखेत जावे आणि तेही लवकर, कारण त्यानंतरची प्रत्येक कपात सरकारात जाते.

ही घोषणा आहे, साधा अर्ज नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. खोटी घोषणा दिल्यास आयकर कायद्याच्या कलम 277 खाली शिक्षा आहे. बुडवू पाहिलेला कर 25 लाखांच्या आत असला तरी ती तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड अशी आहे. अंदाज प्रामाणिकपणे केलेला असेल आणि वर्षअखेरीस तो थोडा चुकला तर कोणी खोटेपणाचा आरोप करत नाही, त्या फरकाचा कर भरावा लागतो एवढेच. पण मुद्दाम एक ठेव किंवा भाडे लपवून कर शून्य दाखवणे म्हणजे खोटी घोषणा. बँक तुमच्या व्याजाची माहिती पॅनवर खात्याला कळवत असते, त्यामुळे ते लपतही नाही.

कर शून्य नसेल तेव्हा

आता दुसरी बाजू. एका बाईंचे सारे उत्पन्न एका बँकेतले 3,90,000 रुपये व्याज आहे. ते 4 लाखांच्या आत, म्हणजे एरवी त्यांना पंधरा एच देता आला असता. पण या वर्षी एप्रिलमध्ये भावंडांबरोबर त्यांनी शहरातला वडिलोपार्जित प्लॉट विकला आणि त्यांच्या वाट्याला 1,20,000 रुपयांचा दीर्घकालीन भांडवली नफा आला. त्यावर 12.5 टक्के या वेगळ्या दराने कर लागतो, आणि 87ए ची सवलत अशा वेगळ्या दराच्या कराला मिळत नाही. एकूण उत्पन्न 12 लाखांच्या कितीतरी आत असूनही त्यांचा कर शून्य नाही.

करमुक्त 4 लाखांतले उरलेले 10 हजार या नफ्यातून वजा करता येतात. राहिले 1,10,000. त्यावर 12.5 टक्क्यांनी 13,750 आणि 4 टक्के उपकर 550, मिळून 14,300 रुपये. बँक मात्र वर्षभरात 39,000 कापणार. पंधरा एच दिला तर तो खोटा ठरेल आणि काहीच केले नाही तर जवळपास पंचवीस हजार रुपये जास्तीचे अडकतील. फॉर्म 13 आहे तो अशाच लोकांसाठी.

कलम 197 खालचा हा अर्ज ऑनलाइन होतो, ट्रेसेस या संकेतस्थळावर (www.tdscpc.gov.in) करदाता म्हणून नोंदणी करून. अर्जाला डिजिटल सही लागते किंवा मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाने तो पडताळता येतो. अर्जात वर्षाच्या अंदाजित उत्पन्नाचा आणि कराचा हिशोब, मागच्या चार वर्षांच्या उत्पन्नाचा आणि कराचा तपशील, आतापर्यंत कापला गेलेला कर आणि काही जुनी थकबाकी असेल तर ती द्यावी लागते. नियम 28एए प्रमाणे अधिकारी याच गोष्टी पाहून दर ठरवतो. कपात करणाऱ्या बँकेचा टॅनही लागतो. तो शोधत फिरायला नको, गेल्या वर्षीच्या फॉर्म 16ए वर किंवा 26एएस मध्ये तो छापलेला असतो.

प्रमाणपत्र मागच्या तारखेपासून मिळत नाही. समजा बाईंनी मे महिन्यात अर्ज केला आणि जूनअखेर प्रमाणपत्र आले. तोवर तीन महिन्यांच्या 97,500 रुपये व्याजावर 9,750 कापले गेले. एकूण कर 14,300, म्हणजे उरले 4,550. पुढच्या नऊ महिन्यांचे व्याज 2,92,500. त्यातून 4,550 वसूल व्हायला साधारण दीड टक्का दर पुरतो. अर्जात कापलेला कर नीट दाखवला तर अधिकारी या धर्तीवर दर देऊ शकतो. वर्षअखेरीस ना बाईंना मोठा परतावा मागावा लागतो, ना जादा कर भरावा लागतो.

प्रमाणपत्र ठरावीक बँकेच्या टॅनसाठी, ठरावीक रकमेपर्यंत आणि त्याच आर्थिक वर्षापुरते असते. त्यावर लिहिलेल्या रकमेपुढच्या व्याजावर बँक पुन्हा दहा टक्के कापू लागते. म्हणून अर्जात व्याजाचा आकडा काटेकोर, पण किंचित सैल ठेवावा. प्रमाणपत्र आले म्हणून बँकेला आपोआप कळेल असे धरून बसू नये. शाखेत त्याची प्रत देऊन पोच घ्यावी आणि पुढच्या व्याजावर दर बदलला का ते पासबुकात बघावे.

प्रत्येकाने हा अर्ज करावा असे मी म्हणणार नाही. मागच्या चार वर्षांची कागदपत्रे जमवणे आणि अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे यात वेळ जातो. अडकणारी रक्कम चार-पाच हजारांची असेल तर कपात होऊ द्यावी आणि विवरणपत्र वेळेत, म्हणजे 31 जुलैच्या आत भरून परतावा घ्यावा. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना अग्रिम कर भरावा लागत नाही, त्यामुळे उरलेला कर विवरणपत्रासोबत भरला तरी त्यावर व्याज पडत नाही, फक्त ते वेळेत भरले पाहिजे. रक्कम वीस-पंचवीस हजारांची असेल आणि घरखर्च त्याच व्याजावर चालत असेल, तर मात्र अर्ज करणे सार्थ.

पंच्याहत्तरीपुढच्यांसाठी आणखी एक सोय आहे. पेन्शन आणि व्याज एकाच विनिर्दिष्ट बँकेत येत असेल आणि दुसरे कोणतेही उत्पन्न नसेल, तर फॉर्म 12बीबीए वर घोषणा देता येते. मग बँकच वजावटी आणि सवलत धरून कर काढते, लागत असेल तर तेवढाच कापते, आणि विवरणपत्र भरावे लागत नाही. दुसऱ्या बँकेत एक छोटी ठेव असली तरी ही सोय जाते. आपल्या सांगलीच्या गृहस्थांना ती पंच्याहत्तरीनंतर हवी असेल, तर पोस्टातली आणि सहकारी बँकेतली ठेव काढून घ्यावी लागेल. थोड्या जास्त व्याजासाठी ठेवी विखुरण्यापेक्षा त्या वयात एकाच बँकेत सगळे असणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा लागू होतो. घोषणेची आणि कमी दराच्या प्रमाणपत्राची सोय त्यातही आहे, पण कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. म्हणून घरात जपून ठेवलेली पंधरा एचची जुनी छापील प्रत नव्या वर्षासाठी भरू नका. बँकेत ‘ज्येष्ठ नागरिकांचा टीडीएस न कापण्याच्या घोषणेचा या वर्षीचा फॉर्म द्या’ एवढेच म्हणा, तो तिथेच भरा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.